बिलाच्या तळाशी छापलेलं व्याज

कराडमधल्या एका इलेक्ट्रिकल दुकानाचं वहीखातं मी बरीच वर्षं पाहतो. वायर, स्विच, पंखे, एलईडी दिवे असा माल. दुकान रस्त्यावर, गिऱ्हाईक चांगलं, मालक हिशेबाला पक्का. कुणाची उधारी किती दिवस थकली आहे ते त्याला वही न उघडता सांगता येतं. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून त्याचा माल येतो आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी, सही-शिक्क्याच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते : ‘१० दिवसांत पेमेंट केल्यास २ टक्के सीडी, अन्यथा नेट ३० दिवस.’

सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. पुस्तपालनाच्या पुस्तकात हिला रोख सूट म्हणतात, जुने व्यापारी वटाव म्हणायचे. अर्थ सरळ आहे. बिलाच्या तारखेपासून १० दिवसांत पैसे दिले तर शेकडा २ रुपये कापून द्या. नाही जमलं तर ३०व्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम द्या. घाऊक व्यापारात अशा अटी सर्रास असतात. वाणिज्य शाखेच्या मुलांना ही अट ‘२/१०, नेट ३०’ अशा खुणेने शिकवतात.

एका मार्चअखेरीला मी त्याच्या खरेदीच्या बिलांची फाईल चाळत होतो. बारा महिन्यांत एकदाही सूट घेतलेली नव्हती. सगळी बिलं २८व्या, २९व्या, ३०व्या दिवशी भरलेली. मी विचारलं, “शेठ, ही सीडी का सोडता?”

“दोन टक्क्यांचं काय घेऊन बसलात साहेब,” तो म्हणाला. “दोन टक्क्यांत महिनाभर पैसे वापरायला मिळतात. बँक वर्षाला अकरा टक्के घेते. त्यापेक्षा हे बरं.”

हे उत्तर मी अनेक दुकानांतून ऐकलं आहे. ऐकायला ते बिनतोड वाटतं, कारण २ हा आकडा ११ पेक्षा लहान आहे. पण त्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही त्याला महाग पडत होत्या.

पहिली चूक दिवसांची. समजा माल १ लाखाचा आहे. कराचा भाग तूर्त बाजूला ठेवू. सूट घेणारा दुकानदारसुद्धा पहिल्या दिवशी पैसे देत नाही, तो दहाव्या दिवशी देतो. म्हणजे पहिले १० दिवस दोघांनाही फुकट आहेत. सूट सोडणाऱ्याला त्यापुढे जास्तीचे मिळतात ते फक्त २० दिवस, दहाव्यापासून तिसाव्यापर्यंतचे. महिनाभर पैसे वापरायला मिळतात असं वाटतं, प्रत्यक्षात २ टक्के देऊन विकत घेतलेले दिवस २०च असतात.

दुसरी चूक रकमेची. दहाव्या दिवशी माल सोडवायला ९८,००० रुपये लागतात. म्हणजे त्या मालाची त्या दिवसाची खरी किंमत ९८,००० आहे. ती न देता ३०व्या दिवशी १,००,००० दिले, तर वरचे २,००० हे ९८,००० रुपये २० दिवस वापरल्याचं भाडं झालं. बिलावर १ लाख छापलेलं असल्यामुळे आपल्याला वाटतं की किंमत १ लाख आणि लवकर देणाऱ्याला २,०००चं बक्षीस. व्यापारी मात्र भाव काढताना उलट विचार करतो. रोखीने त्याला ९८ मिळाले की त्याचं भागतं. उधारीवर नेणाऱ्याकडून तो १०० घेतो. जुन्या पेठांमध्ये रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा असं तोंडीच सांगत. इथे तेच दोन भाव एका बिलावर लिहिलेले आहेत. एक मोठ्या अक्षरात आणि दुसरा तळाशी बारीक अक्षरात.

आता भाडं मोजू. २० दिवसांचे २,००० रुपये, म्हणजे रोजचे १०० रुपये. ९८,०००वर रोज १००. तीस दिवसांच्या महिन्याचे ३,००० होतात, म्हणजे महिन्याला शेकडा ३ रुपयांहून थोडं जास्तच. ३६५ दिवसांचे ३६,५०० होतात. ३६,५००ला ९८,०००ने भागलं की वर्षाचा दर येतो ३७.२४ टक्के.

२ ÷ ९८ × ३६५ ÷ २० = ०.३७२४

हा सरळव्याजाचा दर आहे. वर्षात २० दिवसांचे सव्वाअठरा तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचं व्याज पुढच्या तुकड्यात मुद्दल होतं असं धरून चक्रवाढीने मोजलं तर तोच दर ४४.६ टक्क्यांवर जातो. दुकानात बसून हिशेब करायला सरळव्याज पुरेसं आहे, म्हणून मी तेच धरून चालतो.

शेठला मी ३७ टक्के हा आकडा आधी सांगितला नाही, कारण वर्षाचा टक्का बँकेत बोलला जातो, बाजारात नाही. बाजारात व्याज महिन्याने बोलतात. ‘दोन टक्क्याने घेतले’, ‘तीन टक्क्याने दिले’ म्हणजे दरमहा शेकडा दोन, दरमहा शेकडा तीन. मी त्याला एवढंच विचारलं, “गावातल्या सावकाराकडून तीन टक्क्याने पैसे काढाल का?” तो जवळजवळ चिडला. त्याच्या वडिलांनी कधी सावकाराची पायरी चढली नव्हती, तोही चढणार नव्हता. मग मी त्याच्यासमोर कागदावर रोजचे १०० रुपये मांडले. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

सावकारी शब्द मी मुद्दाम वापरला. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावं यावर कायद्याची मर्यादा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तेव्हा जे दर ठरवले गेले, त्यांत शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज देताना वर्षाला १८ टक्के ही वरची मर्यादा होती. उधारीवर माल देणं म्हणजे सावकारी नव्हे, त्यामुळे ती मर्यादा घाऊक व्यापाऱ्याला लागू होत नाही आणि तो काही बेकायदा करत नाही. पण सूट सोडणारा दुकानदार त्या मर्यादेच्या दुप्पट दराने पैसे वापरतो. यात कुणी त्याच्याकडे व्याज मागत नाही, पासबुकात ‘व्याज’ म्हणून रक्कम कापली जात नाही, नफातोटा पत्रकातही ते दिसत नाही. ते खरेदीच्या आकड्यात मिसळून जातं. म्हणूनच ते वर्षानुवर्षं दिलं जातं.

आता बँकेकडे वळू. या दुकानाचं कॅश क्रेडिट खातं आहे, बाजारात ज्याला नुसतं सीसी म्हणतात. दर ११ टक्के. सीसीवर वापरलेल्या रकमेचं वापरलेल्या दिवसांपुरतंच व्याज लागतं. दहाव्या दिवशी सीसीतून ९८,००० काढून बिल भरलं आणि ३०व्या दिवशी गल्ल्यातून ते परत भरले, तर २० दिवसांचं व्याज होतं ५९१ रुपये. रोजचे साडेएकोणतीस. म्हणजे २,०००ची सूट मिळवायला ५९१ खर्च झाले आणि १,४०९ हातात राहिले. सूट सोडली की रोज १०० रुपये भाडं, बँकेकडून घेतलं की रोज साडेएकोणतीस. पैसे तेच, दिवस तेच.

यावर शेठचा पुढचा प्रश्न रास्त होता. महिन्याला त्याची ५ लाखांची खरेदी. प्रत्येक बिल दहाव्या दिवशी भरायचं तर एवढा पैसा आणायचा कुठून? बरेच जण इथेच थांबतात, कारण दर महिन्याला नवीन ५ लाख उभे करावे लागतील असं त्यांना वाटतं. तसं नाही. दुकान आज ३० दिवसांनी पैसे देतंय, उद्या १० दिवसांनी देणार. फरक २० दिवसांचा आहे आणि तो एकदाच पार करायचा आहे. एकदा त्या वेळापत्रकावर आलात की पुढे दर महिन्याला पूर्वीइतकेच पैसे बाहेर जातात, उलट २ टक्के कमीच. तो एकदाच लागणारा पैसा म्हणजे २० दिवसांची खरेदी : ५ लाखांचे दोन तृतीयांश, त्यातून सूट वजा. साधारण ३ लाख २७ हजार. कर धरून बिलं भरायची तर हीच रक्कम पावणेचार लाखांच्या थोडी पुढे जाते. तेवढ्यावर मिळणारी सूट महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,०००.

त्या दुकानाच्या ताळेबंदात त्याच वेळी सव्वातीन लाखांची मुदतठेव होती. अडीअडचणीला असावी म्हणून ठेवलेली, ७ टक्क्यांची. तिचं वर्षाचं व्याज २२,७५०. एकाच माणसाचा एक हात ७ टक्के घेत होता आणि दुसरा ३७ टक्के देत होता. हे मला फार ठिकाणी दिसतं. ठेव ही साठवण म्हणून पाहिली जाते आणि उधारी ही सोय म्हणून. दोन्ही एकाच वहीत असूनही कुणी त्यांना शेजारी ठेवत नाही. ठेव मोडावी असं मी सांगत नाही. अडीअडचणीची भीती खोटी नसते. पण बँका मुदतठेवीवर ओव्हरड्राफ्ट देतात आणि त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा थोडासाच वर असतो. ठेव जागेवर राहते आणि पैसाही वापरता येतो.

सीसीबाबत एक गोष्ट दुकानदारांना माहीत नसते, पण बँकेत बसलेला माणूस ती रोज करतो. सीसीतून किती पैसे काढता येतील हे केवळ मंजूर मर्यादेवर ठरत नाही, ड्रॉइंग पॉवरवरही ठरतं. ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून काढतात आणि त्यात एकूण मालातून घेणेकऱ्यांचं देणं वजा करतात, कारण ज्याचे पैसे दिलेले नाहीत तो माल बँकेच्या दृष्टीने तुमचा नसतो. समजा दुकानात २० लाखांचा माल आहे आणि पुरवठादारांचं ६ लाख देणं आहे. उरले १४ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन कापलं की साडेदहा लाख काढता येतात. पुरवठादारांचे ३ लाख भरले की देणं ३ लाखच राहतं आणि ड्रॉइंग पॉवर पावणेतेरा लाख होते. ती सव्वादोन लाखांनी वाढली. म्हणजे भरलेल्या ३ लाखांपैकी सव्वादोन लाख बँकच पुरवू शकते, मंजूर मर्यादा तेवढी असेल तर. स्वतःचे घालावे लागतात ते ७५ हजार. लिमिट संपेल या भीतीने सूट सोडणाऱ्याने हा हिशेब आधी बँकेत बसून करून घ्यावा.

आतापर्यंत मी धरून चाललो की सूट सोडणारा बरोबर ३०व्या दिवशी पैसे देतो. प्रत्यक्षात काय होतं? अनेक दुकानं ४५, ६० दिवस घेतात. हिशेब बदलतो तो इथे आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ६०व्या दिवशी पैसे दिले तर तेच २,००० रुपये ५० दिवसांचं भाडं होतात, रोजचे ४०. वर्षाचा दर १४.९ टक्क्यांवर उतरतो. ७८व्या दिवसाच्या सुमाराला तो ११ टक्क्यांच्या सीसीएवढा होतो आणि त्यापुढे कागदावर तरी उधारी बँकेपेक्षा स्वस्त दिसते.

कागदावर म्हणतो, कारण त्या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे वसूल होते. मुदत उलटल्यावर १८ किंवा २४ टक्क्यांनी व्याज आकारू, असं अनेक बिलांवर छापलेलंच असतं. ते प्रत्येक वेळी आकारलं जात नाही, पण वसुलीचा वाद झाला की तीच ओळ पुढे येते. माल टंचाईचा असला की तो आधी रोखीवाल्याकडे जातो आणि थकवणाऱ्याला ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असं उत्तर मिळतं. पुरवठादार स्वतः उत्पादक आणि नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर कायदाही मध्ये येतो. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पेमेंट लांबवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसांतच द्यावं लागतं. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. तेव्हा ‘आम्ही साठ दिवसांनी देतो, आम्हाला कसलं व्याज’ असं म्हणणाऱ्याने आपला पुरवठादार कोण आहे ते आधी पाहावं.

याच्या अगदी उलट एक चूक आहे आणि ती सज्जन दुकानदार करतात. सूट घ्यायची म्हणून पैसे जमवायला लागतात, दहावा दिवस हुकतो आणि मग ‘चला, उशीर झालाच आहे, देऊन टाकू’ म्हणून पंधराव्या दिवशी पूर्ण १ लाख पाठवतात. यात २,००० रुपये गेले आणि वापरायला मिळाले फक्त ५ दिवस. रोजचे ४०० रुपये भाडं, वर्षाचा दर १४९ टक्के. अकराव्या दिवशी दिले तर २,००० रुपये एका दिवसाचं भाडं ठरतं. या अटीत शहाणपणाच्या तारखा दोनच आहेत, दहावी आणि तिसावी. दहावी चुकली की पैसे तिसावीपर्यंत आपल्याकडे ठेवावेत, ते दिवस आपण विकत घेतलेले आहेत. पुरवठादाराला तातडी असेल तर त्याच्याशी बोलून सूट मागून घ्यावी. पाच दिवस उशिरा का होईना, पण तिसाव्याच्या आधी पैसे मिळत असतील तर बरेच व्यापारी एखादा टक्का देतात.

आता कराचा भाग. वायरवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा खरं बिल १,१८,०००चं येतं. सूट बहुतेक ठिकाणी मूळ किमतीवर, म्हणजे १ लाखावर देतात. करावर देत नाहीत. म्हणून दहाव्या दिवशी १,१६,००० द्यायचे आणि ३०व्या दिवशी १,१८,०००. सूट तीच २,०००, पण ती मिळवायला आधी द्यावी लागणारी रक्कम मोठी झाली. त्यामुळे दर ३७ वरून साडेएकतीस टक्क्यांवर येतो. पुस्तकातलं गणित तसंच्या तसं दुकानाला लावलं तर इथे सहा टक्क्यांची चूक होते. साडेएकतीस हासुद्धा बँकेच्या जवळजवळ तिप्पट आहे, पण आपला खरा आकडा आपल्याला माहीत असावा. पुरवठादार सूट कशी देतो तेही पाहावं. त्याने करासह क्रेडिट नोट दिली तर २,३६० कमी द्यावे लागतात, मात्र त्यातल्या ३६० रुपयांचं इनपुट टॅक्स क्रेडिट परत उलटवावं लागतं. नुसती २,०००ची व्यावहारिक क्रेडिट नोट दिली तर क्रेडिटला हात लावावा लागत नाही. दोन्ही वाटांनी हातात २,०००च राहतात. घोळ होतो तो नोट एका प्रकारची आली आणि नोंद दुसऱ्या प्रकारची केली की.

सूट घ्यायची असं ठरवूनही ती हातातून निसटते, त्याची दोन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

पहिलं म्हणजे दिवस कुठून मोजायचे. दुकानदार माल आल्यापासून मोजतो, व्यापारी बिलाच्या तारखेपासून. ट्रान्स्पोर्टला ४-५ दिवस लागले, एक दिवस माल तपासण्यात गेला, की दहाचे चारच उरतात. त्यातून पूर्वी चेक कोणत्या दिवशी दिला, कोणत्या दिवशी वटला यावर वाद व्हायचे. तो भाग आता जवळजवळ संपला आहे. डिसेंबर २०१९पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास चालते, रविवारीसुद्धा. दहावा दिवस सुट्टीचा होता ही सबब आता कुणाच्याच कामाची नाही. पण दिवस मोजायची सुरुवात मात्र बोलून ठरवावी लागते. माल लांबून येत असेल तर ‘माल पोहोचल्यापासून १० दिवस’ असं पुरवठादाराकडून लिहून घ्यावं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला हे सहसा नाकारलं जात नाही, फक्त कुणी मागत नाही.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. आमच्या शेठने पहिल्याच महिन्यात आठव्या दिवशी पैसे पाठवले, २ टक्के कापून. पुण्याच्या व्यापाऱ्याच्या खात्यात त्याचं आधीच्या महिन्याचं एक बिल उभं होतं. त्यांच्या कारकुनाने आलेली रक्कम त्या जुन्या बिलात जमा केली. नवं बिल थकीतच राहिलं आणि सूट नाकारली गेली. शेठ संतापला, पण चूक अर्धी आमची होती. १८७२च्या भारतीय करार कायद्यात यावर नेमकी तरतूद आहे. कलम ५९ सांगतं की देणेकऱ्याने पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे कळवलं आणि घेणेकऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात जमा झाले पाहिजेत. त्याने काहीच कळवलं नाही तर कलम ६०नुसार घेणेकरी आपल्या मर्जीने कोणत्याही देण्यात ते जमा करू शकतो. त्यानंतर आम्ही प्रत्येक पेमेंटबरोबर बिल नंबर, बिलाची तारीख, कापलेली सूट असा मेसेज पाठवायला लागलो. वाद पुन्हा झाला नाही.

प्रत्येक सूट घेण्यासारखी असते असं नाही. ‘१५ दिवसांत १ टक्का, नेट ४५’ अशी अट असेल तर १ टक्क्यात ३० दिवस मिळतात आणि वर्षाचा दर सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास येतो. तुमची सीसी ११ टक्क्यांची असेल तर फायदा नावालाच आहे, त्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. माल नवीन पुरवठादाराचा असेल, तुटफुटीची किंवा खराबीची शक्यता असेल, तर पैसे हातात असणं हेच तुमचं एकमेव हत्यार असतं. दहाव्या दिवशी पूर्ण रक्कम दिल्यावर बदली माल मागायला तुमच्याकडे काही उरत नाही. आणि दिवाळीच्या आधी सगळं लिमिट माल भरण्यात गुंतलेलं असेल, तो माल दोन आठवड्यांत १५ टक्क्यांनी विकला जाणार असेल, तर २ टक्के सोडून माल भरणंच बरोबर आहे. अशा वेळी ३७ टक्क्यांचं कर्जही परवडतं, मात्र ते कर्ज आहे हे ओळखून घेतलेलं असावं.

पुरवठादाराच्या बाजूने हाच दर उलटा बसतो. २० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून तो ३७ टक्के सोडतो. तो वेडा नसतो. उधारी बुडण्याची भीती, वसुलीसाठी फिरणाऱ्या माणसाचा पगार, स्वतःच्या सीसीचं व्याज, हे सगळं तो त्या २ रुपयांत बसवतो. शिवाय बरेच जण सूट घेणारच नाहीत हे त्याला अनुभवाने माहीत असतं. पण ज्या छोट्या कारखानदाराने केवळ सगळे देतात म्हणून २ टक्क्यांची ओळ बिलावर छापली आहे, त्याने हाच हिशेब आपल्या बाजूने एकदा मांडून पाहावा. गिऱ्हाईक खात्रीचं असेल आणि बँक ११ टक्क्यांनी पैसे देत असेल, तर त्याला १ टक्का सूट देऊनही चालेल.

कराडच्या दुकानात आम्ही त्या वर्षापासून एक साधी वही ठेवली. तिच्यावर नाव आहे ‘गमावलेली सूट’. जीएसटीच्या पुस्तकांशी तिचा संबंध नाही, ती आमच्यापुरती आहे. प्रत्येक खरेदी बिलाची सुटीची शेवटची तारीख त्यात लिहायची आणि तारीख हुकली की सोडलेली रक्कम पुढे मांडायची. महिनाअखेरीला तिची बेरीज सीसीच्या व्याजाखाली लिहायची, म्हणजे दोन्ही व्याजं एका नजरेत दिसतात. पहिल्या महिन्याची बेरीज ७,४०० होती, तिसऱ्या महिन्यात १,८००. सणाचा महिना सोडला तर ती आता बहुतेक वेळा शून्य असते.

तुमचं दुकान असेल, छोटा कारखाना असेल, हॉटेल असेल, तर गेल्या महिन्याची खरेदीची बिलं आज काढा आणि तळाची ओळ वाचा. सोडलेल्या सुटीला जास्तीच्या दिवसांनी भागा आणि रोजचं भाडं काढा. मग तेवढ्याच रकमेवर बँक रोज किती घेते ते शेजारी लिहा.